‘चार चिंचोके आणि सहा’ : या गोष्टीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही गोष्ट मी तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी लिहिली. गावोगावच्या शाळांत ती वाचून दाखवताना मुलांनी, बाईंनी, पालकांनी आणि काही आशाताईंनीही जे विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे. काही प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांना जास्त जागा दिली आहे.

गोष्ट इथेच वाचायला मिळेल का?

हो. पूर्ण गोष्ट ही अशी :

धान कापायचे दिवस होते. मोठी माणसं उजाडायच्या आत विळे घेऊन बांधीत जायची. रोशनीची आईही गेली होती. घरी उरली होती चौथीतली रोशनी, आजी आणि छोटा गोलू.

गोलूला तीन दिवसांपासून खोकला होता. आज अंगही तापलं होतं. एरवी तो उठल्या उठल्या डुलत डुलत कोंबडीच्या मागे जायचा. आज कोंबडी खाटेखालून गेली, परत आली, तरी तो नुसता बघत राहिला.

आजीने त्याच्या पोटाकडे पाहिलं. पोट भराभर उडत होतं. “डबा झाला वाटते पोराले,” आजी म्हणाली. “पलीकडच्या टोल्यावरच्या बुढ्याले बोलाव. डाग देऊन देईल.”

डाग म्हणजे काय, हे रोशनीला ठाऊक होतं. तिच्या वर्गातल्या एका मुलाच्या पोटावर तापल्या सळईचा डाग होता, वाळलेल्या चिंचेसारखा लांबट. रोशनी उठली, पण पलीकडच्या वस्तीकडे, टोल्याकडे गेली नाही. ती पळाली सुमनताईंकडे. सुमनताई गावच्या आशाताई.

सुमनताई आल्या, हात धुतले आणि खाटेपासून जरा लांबच बसल्या. “दूध पितो का, आजी?”

“पिते. थोडं थोडं.”

“पिलेलं सगळं ओकून टाकतो का? झटके आले का?”

“नाही जी.”

तेवढ्यात गोलूने अनोळखी चेहरा पाहिला आणि भोकाड पसरलं. सुमनताई त्याला गप्प करायला गेल्या नाहीत. पिशवीतून घड्याळही काढलं नाही. आजीने गोलूला मांडीवर घेतलं आणि त्या आजीशी धानाच्या गोष्टी बोलत बसल्या. रोशनीला राग आला. भाऊ आजारी आणि या धानाचं काय बोलतात?

थोड्या वेळाने गोलू थकून आजीच्या खांद्यावर शांत झाला. मग सुमनताईंनी हळूच त्याचा सदरा वर केला. “रोशनी, घरात चिंचोके आहेत का?”

चौआष्ट्याच्या खेळातले चिंचोके होतेच. “मी मोजते,” सुमनताई म्हणाल्या. “दहा झाले की मी बोट उचलीन. तू एक चिंचोका बाजूला ठेव. तोंडातून आवाज काढायचा नाही.” त्यांनी मोबाईलवर एक मिनिट लावलं.

पोट वर आलं, खाली गेलं. एक. वर, खाली. दोन. बोट उचललं गेलं, पहिला चिंचोका सरकला. दुसरा सरकला. आणि गोलू खोकला, मग कुशीवर वळला. सुमनताईंनी मान हलवली. “हे गेलं. पुन्हा पहिल्यापासून.”

दुसऱ्या वेळी तो हलला नाही. एक चिंचोका, दोन, तीन, चार. मोबाईल वाजला तेव्हा सुमनताई पुटपुटल्या, “आणि वर सहा. सेहेचाळीस.” मग आजीकडे वळल्या. “आजी, वय किती याचं?”

“वर्षाचा व्हायचा आहे अजून.”

सुमनताई थांबल्या. “वर्षाच्या आतला असेल तर सेहेचाळीस चालतात. वर्षाच्या वरचा असेल तर जास्त आहेत. आजी, नक्की आठवा.”

आजी बोटं मोजू लागली आणि गोंधळली. रोशनी मात्र एकदम म्हणाली, “गोलू पोळ्याच्या दिवशी झाला! बैलं दारात आली होती आणि आई ओरडत होती. तो एक पोळा. मग हा आत्ता गेला तो दुसरा. त्याच्यानंतर दिवाळीपण झाली.”

सुमनताईंनी फडताळातून गोलूचं कार्ड काढलं. रोशनीचं बरोबर होतं. गोलू चौदा महिन्यांचा होता.

“मग हे श्वास जास्त आहेत,” सुमनताई म्हणाल्या. त्यांनी गोलूच्या बरगड्यांच्या खाली पुन्हा नीट पाहिलं. श्वास घेताना तिथे खड्डा पडत नव्हता. पिशवीतून औषध काढून त्यांनी पहिला डोस पाजला आणि शेजारच्या काकांना मोटारसायकल काढायला लावली. आजी गोलूला घेऊन मागे बसली. बुढ्याला निरोप गेलाच नाही.

आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी गोलूच्या अंगठ्याला एक लुकलुकता चिमटा लावला, छाती ऐकली आणि पाच दिवसांचं औषध दिलं. सकाळ-संध्याकाळ, एकही वेळ चुकवायची नाही. दोन दिवसांनी सुमनताई पुन्हा आल्या. गोलू झोपला होता. रोशनीने न सांगता चिंचोके आणले. एक, दोन, तीन. आणि वर चार.

“चौतीस,” रोशनी म्हणाली. गोलूने डोळे उघडले, हात लांब केला आणि एक चिंचोका उचलून तोंडाकडे नेला. रोशनीने झडप घालून तो काढून घेतला.

ही खरी घडलेली गोष्ट आहे का?

रोशनी, गोलू, आजी आणि सुमनताई माझ्या मनातली माणसं आहेत. मोजण्याची पद्धत, आकडे आणि औषधाचा क्रम मात्र खराच आहे. गोष्ट गडचिरोलीच्या बाजूची आहे, म्हणून धान, बांधी आणि टोले आले. ‘डबा’ हा शब्दही माझा नाही. लहान मुलाच्या न्यूमोनियाला महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आजही ‘पोटात डबा झाला’ असंच म्हणतात.

सुमनताईंनी आल्या आल्या का मोजलं नाही? गोलू तर आजारी होता!

मुलं हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतात आणि त्यांचा राग मला आवडतो, कारण रोशनीलाही तोच राग आला होता.

रडणाऱ्या मुलाचा श्वास वाढतो. अंगावर दूध पिणाऱ्याचा बदलतो. नुकत्याच खेळलेल्याचा किंवा घाबरलेल्याचाही वाढतो. अशा वेळी मोजलं, तर जो आकडा येतो तो रडण्याचा असतो. त्यात आजार किती, हे सांगता येत नाही. म्हणून मूल शांत हवं. झोपलेलं असेल तर सगळ्यात बरं, पण केवळ मोजण्यासाठी त्याला दामटून झोपवायचं नाही. आईच्या मांडीवर किंवा खांद्यावर शांत बसलेलं मूलही चालतं.

त्यात आणखी एक बारकावा आहे. आशाताई घरात शिरल्यावर आधी सदरा काढायला गेली, तापमापक लावलं, वजन केलं, की मूल हमखास रडतं. मग पंधरा मिनिटं गेली. म्हणून श्वास आधी मोजायचे आणि बाकीची तपासणी नंतर. सुमनताई धानाच्या गप्पा मारत होत्या, तेव्हा त्यांचं काम चालूच होतं.

पूर्ण एक मिनिट का? अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलं तर नाही चालणार?

पहिल्या खर्ड्यात मी अर्धा मिनिटच लिहिलं होतं. एका प्रशिक्षणात गोष्ट वाचली तेव्हा मागच्या रांगेतल्या आशाताईंनी मला थांबवलं आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं मी इथे जसंच्या तसं समजावून सांगते.

समजा, गोलूसारखंच एक चौदा महिन्यांचं मूल आहे. अर्ध्या मिनिटात तुम्ही १९ श्वास मोजले. दुप्पट केले, ३८ झाले. ठीक आहे, वेगवान नाही. आता त्याच अर्ध्या मिनिटात तुमच्याकडून एक श्वास सुटला होता, खरे होते २०. दुप्पट ४०. म्हणजे वेगवान. एका श्वासाच्या चुकीने निर्णय उलटा झाला. अर्ध्या मिनिटात झालेली चूक दुप्पट करताना तीही दुप्पट होते.

दुसरं कारण तान्ह्या बाळांचं आहे. त्यांचा श्वास मुळातच सारखा नसतो. काही सेकंद भराभर, मग जरा संथ, मध्येच छोटा थांबा, पुन्हा भराभर. अर्ध्या मिनिटात नेमका भराभर भाग सापडला तर निरोगी बाळ आजारी वाटेल. संथ भाग सापडला तर आजारी बाळ निरोगी वाटेल. म्हणून पूर्ण ६० सेकंद. आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा जास्त आला, तर पुन्हा एकदा पूर्ण मिनिट मोजून खात्री करायची.

४६ हा आकडा एकाला चालतो आणि दुसऱ्याला नाही, असं कसं?

गोष्टीचा जीव इथेच आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

बाळ जितकं लहान, तितका त्याचा श्वास जलद. हा आजार नाही, त्याच्या छोट्या फुफ्फुसांची चालच तशी असते. म्हणून ‘वेगवान’ कशाला म्हणायचं, हे वयावर ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या आणि आपल्याकडे आशाताईंना शिकवल्या जाणाऱ्या मर्यादा तीन आहेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे वेगवान. दोन महिने पूर्ण झाल्यापासून वर्ष पूर्ण होईपर्यंत ५० किंवा जास्त. वर्ष पूर्ण झाल्यापासून पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त.

आता गोलूचे ४६ घ्या. आजी म्हणाली तसा तो वर्षाच्या आतला असता, तर मर्यादा ५०. ४६ तिच्या खाली, म्हणजे साधा खोकला-सर्दी, घरी काळजी घ्या, लक्ष ठेवा. पण तो चौदा महिन्यांचा निघाला. मर्यादा ४०, आणि ४६ तिच्या वर. श्वास तेवढेच, मूल तेच, पण आजीच्या हिशोबाने ते घरी राहिलं असतं आणि रोशनीच्या हिशोबाने ते आरोग्य केंद्रात पोचलं.

आजीचा मी दोष दाखवत नाही. घरात मुलाचं वय बोटांवर मोजलं जातं आणि एक-दोन महिने इकडेतिकडे झाल्याने रोजच्या जगण्यात काही बिघडत नाही. शिवाय अंगाने लहान राहिलेलं मूल वयानेही लहान वाटतं. म्हणून आशाताई कार्ड बघतात. माता-बाल संरक्षण कार्डावर जन्मतारीख असते. कार्ड हरवलं असेल, तर सण कामाला येतात : पोळा, दिवाळी, होळी, गावची जत्रा. सण तिथीप्रमाणे येतात, त्यामुळे दरवर्षी इंग्रजी तारीख दहा-वीस दिवस मागेपुढे होते. पण ‘दुसरा पोळा होऊन दिवाळीही झाली’ असं म्हटलं की वर्ष नक्की पूर्ण झालं, यात शंका उरत नाही.

श्वास जास्त झाले म्हणजे आत नेमकं काय होतं?

फुफ्फुसात द्राक्षांच्या घडासारख्या असंख्य बारीक पिशव्या असतात. आपण घेतलेली हवा त्यांच्यात शिरते आणि त्यांतून प्राणवायू रक्तात जातो. न्यूमोनियात जंतूंमुळे यातल्या काही पिशव्यांत पू आणि पाणी साठतं. तिथे हवा जाऊ शकत नाही. फुफ्फुसाचा तो भाग ताठरही होतो, खोल श्वास घेता येत नाही. मग शरीर दुसरी वाट काढतं : छोटे छोटे श्वास, पण भराभर. एका मोठ्या घागरीऐवजी दहा लोटे पाणी वाहून आणावं, तसं.

आजार वाढला की एवढ्यानेही भागत नाही. मूल सगळा जोर लावून श्वास ओढतं आणि तेव्हा बरगड्यांच्या खालची कड, पोट सुरू होतं तिथे, श्वास घेताना आत ओढली जाते. एरवी श्वास घेताना छाती आणि पोट दोन्ही वर येतात. इथे पोट वर येतं, पण बरगड्यांखाली खड्डा पडतो. सुमनताईंनी सदरा वर करून हेच पाहिलं. हे कपड्यावरून दिसत नाही, आणि मूल रडत असताना दिसलं तर ते धरायचं नाही.

एक श्वास म्हणजे वर येणं की खाली जाणं?

दोन्ही मिळून एक. वर येऊन खाली गेलं की एक. नवीन शिकणाऱ्यांपैकी काही जण वर आल्यावर एक आणि खाली गेल्यावर दोन मोजतात. मग गोलूचे ९२ होतात आणि सगळे घाबरतात. सोपा उपाय असा : फक्त ‘वर’ मोजायचं. छाती किंवा पोट, जिथे हालचाल स्पष्ट दिसते त्या एकाच जागेवर नजर ठेवायची. मध्ये जागा बदलली की एखादा श्वास सुटतोच.

घड्याळाचंही तसंच. एक डोळा घड्याळावर आणि एक छातीवर ठेवून मोजता येत नाही. एक तर दुसऱ्या माणसाने घड्याळ पाहावं, नाहीतर मोबाईलवर एक मिनिटाचा गजर लावून तो बाजूला ठेवावा.

चिंचोक्यांची कल्पना कुठून सुचली?

गडचिरोलीतूनच. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. पुढे त्यांनी गावातल्याच माणसांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. अडचण अशी होती की अनेक दायांना पन्नासपर्यंत आकडे सलग मोजता येत नव्हते. बारापर्यंत किंवा वीसपर्यंत येत. मग त्यांच्यासाठी मण्यांचं एक साधं साधन बनवलं. त्यात मण्यांच्या दोन ओळी, एक दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी आणि दुसरी मोठ्यांसाठी, आणि सोबत एक मिनिटाची वाळूची घडी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटच्या लाल मण्यापर्यंत पोचलात, तर श्वास वेगवान. दहापर्यंत मोजता आलं की पुरे.

या कामाचा अहवाल १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आला. गावातल्या प्रशिक्षित माणसांनी आणि दायांनी न्यूमोनियाच्या ६१२ आजारी मुलांवर उपचार केले. त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होतं, ०.८ टक्के. जिथे हे काम नव्हतं त्या शेजारच्या भागात ते १३.५ टक्के होतं. शाळेत हे सांगताना मी मुलांना फळ्यावर शंभर ठिपके काढायला लावते. एका फळ्यावर एकच ठिपका पुसायचा, दुसऱ्यावर तेरा. त्यानंतर वर्गात कोणी फारसं बोलत नाही.

छातीला नळी लावून ऐकलं तरच न्यूमोनिया कळतो ना? नुसतं बघून कसा कळेल?

पूर्वी डॉक्टरांनाही असंच वाटायचं. १९८०च्या दशकात पापुआ न्यू गिनीत फ्रँक शान नावाचे बालरोगतज्ज्ञ काम करत होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोकणाऱ्या मुलांचे श्वास मोजून दाखवलं, की नळीतून येणाऱ्या आवाजावर विसंबण्यापेक्षा श्वासांचा वेग आणि छातीचं आत ओढलं जाणं या दोन गोष्टी गावपातळीवर जास्त कामाच्या आहेत. नळीतले आवाज ओळखायला वर्षं लागतात. वेग मोजायला घड्याळ आणि शांत मूल पुरतं.

म्हणजे श्वास वेगवान असले की न्यूमोनिया नक्की?

नाही. हे मी गोष्टीत लिहिलं नाही, कारण मुलांसाठी ते जड झालं असतं, पण पालकांनी जाणून घ्यावं. तापाने श्वास वाढतो. दम्याने आणि छातीत शिट्टी वाजणाऱ्या आजारांनी वाढतो. कधी रक्त खूप कमी असलं किंवा हृदयाचा दोष असला तरी वाढतो. वेगवान श्वास असणाऱ्या कित्येक मुलांना विषाणूंमुळे झालेली साधी छातीची सर्दी असते आणि ती औषधाशिवायही बरी झाली असती.

मग मोजायचं कशाला? कारण गावात क्ष-किरण यंत्र नाही आणि खऱ्या न्यूमोनियाचं मूल दोन दिवसांत हाताबाहेर जाऊ शकतं. या मोजणीत काही मुलांना गरज नसताना औषध मिळतं, हे खरं आहे. पण गरज असलेली बहुतेक मुलं त्यातून सापडतात. आरोग्य केंद्रात पुढची चाळणी होते. गोलूच्या अंगठ्याला लावलेला लुकलुकता चिमटा रक्तातला प्राणवायू मोजतो. तो ९० टक्क्यांच्या खाली असेल, तर मूल घरी पाठवत नाहीत.

‘ताप उतरल्यावर मोजू’ असं म्हणून वाट पाहत बसू नये, एवढं मात्र नक्की.

सुमनताईंनी कोणतं औषध दिलं? आम्ही घरी ठेवू शकतो का?

अमॉक्सिसिलिन. केंद्र सरकारने २०१९ साली ‘सांस’ नावाची न्यूमोनियाविरोधी मोहीम सुरू केली, त्यात प्रशिक्षित आशाताईंनी आरोग्य केंद्रात पाठवण्यापूर्वी याचा पहिला डोस द्यावा अशी सोय आहे. डोस मुलाच्या वयावर आणि वजनावर ठरतो, म्हणून इथे मी मुद्दाम तो लिहिलेला नाही. आणि नाही, घरी ठेवू नका. मागच्या वेळची उरलेली बाटली काढून पाजणं ही मी सगळ्यात जास्त पाहिलेली चूक आहे. पाण्यात कालवलेलं औषध काही दिवसांतच निकामी होतं.

दुसरी चूक म्हणजे दोन दिवसांत मूल खेळायला लागलं की औषध बंद करणं. गोलू दोन दिवसांनी चिंचोके तोंडात घालत होता, तरी त्याचे पाच दिवस पूर्ण झाले.

कोणत्या मुलाचे श्वास मोजत बसायचे नाहीत, सरळ दवाखाना गाठायचा?

खोकणारं मूल दूध किंवा पाणी पिऊच शकत नसेल, पोटात गेलेलं सगळं ओकून टाकत असेल, त्याला झटके आले असतील, ते हाक मारूनही नीट जागं होत नसेल किंवा शांत असतानाही श्वास घेताना घशातून घरघर येत असेल, तर आकडा काहीही असो, निघायचं. १०८ ला फोन करा. छाती आत ओढली जात असेल तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाची गोष्ट वेगळी. त्याचे श्वास ६० किंवा जास्त असतील आणि पुन्हा मोजूनही तेच आले, तर त्याला लगेच रुग्णालयात न्यायचं, घरी औषध देऊन पाहायचं नाही. इतकं लहान बाळ अनेकदा खोकतही नाही. ते फक्त दूध सोडतं आणि गार पडतं.

डाग देण्याचा प्रसंग लहान मुलांच्या गोष्टीत कशाला?

काही शिक्षकांनी तो काढायला सांगितला. मी ठेवला, कारण ज्या वर्गात मी ही गोष्ट वाचते, तिथे डाग असलेली मुलं बसलेली असतात. त्यांना ते नवीन नाही. आजीला मी दुष्ट केलेलं नाही. पोट उडतंय हे सगळ्यात आधी तिनेच ओळखलं. लक्षण बरोबर, उपाय चुकीचा. डागाने फुफ्फुसातला पू कमी होत नाही, वर भाजल्याची जखम होते, तिच्यातून जंतू शिरतात आणि दवाखान्यात पोचायला एक दिवस उशीर होतो. ओव्याची किंवा शेणीची धुरी देण्याचंही तसंच. आधीच दम लागलेल्या बाळाला धूर नको.

वर्गात हे करून पाहता येईल का?

जरूर. पण मुलांना स्वतःचे श्वास मोजायला लावू नका. मोजतोय हे कळलं की आपला श्वास आपोआप बदलतो. जोड्या करा. एकाने पुस्तक वाचायचं, दुसऱ्याने त्याला न सांगता मिनिटभर मोजायचं. आठ-दहा वर्षांच्या मुलांचा आकडा साधारण विसाच्या आसपास येतो. मग मैदानाला एक फेरी मारून पुन्हा मोजा, म्हणजे सुमनताई का थांबल्या ते न सांगता कळेल.

घरी तान्हं भावंड असेल तर ते झोपल्यावर मोजून या, असा गृहपाठ मी देते. चिंचोके, मणी, बटणं मात्र बाळाच्या हाताला लागतील अशी ठेवू नका. घशात अडकतात.

न्यूमोनिया होऊच नये म्हणून काही लस आहे का?

आहे. न्यूमोकोकस या जंतूविरुद्धची लस सरकारी लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ पासून देशभर दिली जाते. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने, अशी तीन वेळा. पेंटाव्हॅलंट लसीतही न्यूमोनियाच्या आणखी एका जंतूपासून संरक्षण आहे. लस घेतलेल्या मुलालाही दुसऱ्या जंतूंमुळे न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून मोजणं सुटत नाही.

गोलूच्या आईला हे सगळं कधी कळलं?

हा प्रश्न एका दुसरीतल्या मुलीने विचारला. गोष्टीत ते नाही, म्हणून मी तिला तिथेच सांगितलं. आई संध्याकाळी आली, तेव्हा गोलू औषध घेऊन झोपला होता. ओट्यावर चार चिंचोके एका ओळीत आणि सहा सुटे ठेवलेले होते. आईने विचारलं, हे कोणी मांडून ठेवलं? रोशनीने तिला गोलूच्या खाटेजवळ बसवलं, सदरा वर केला आणि म्हणाली, “बोलू नको. नुसतं वर आलेलं मोज.”